रोखीचा वटाव

जिनिंगवाल्या शेठनं माझ्या बापाला वटाव लावला, तेव्हा मी मानवतच्या बाजारात त्याच्या ओट्याखाली उभा होतो. कापसाचे पैसे आठवड्यानं मिळणार होते आणि माझी वसतिगृहाची फी दुसऱ्याच दिवशी भरायची होती.

“रोख पाहिजे? मंग वटाव कटंल,” शेठ म्हणाला. शेकड्याला दोन रुपये कापले आणि नोटा बापाच्या हातावर न देता ओट्यावर टाकल्या. आमची जात त्याला ठाऊक होती. बाप वाकून नोटा वेचत राहिला.

वटाव ही बाजाराची रीत, हे मला मान्य आहे. आज मिळणारा रुपया आठवड्यानं मिळणाऱ्या रुपयापेक्षा मोलाचा असतोच. पण आठ दिवसांना शेकडा दोन, आणि वर त्या फेकलेल्या नोटा! ते मी विसरलो नाही, विसरायचं ठरवलंही नाही.

पुढं बी.कॉम. होऊन मी तिथल्याच सहकारी जिनिंग संघात हिशेबनीस झालो. सरकारनं कापसाची खरेदी आपल्या हातात घेतली आणि शेठनं जिनिंग विकायला काढली. संघानं रोख अठ्ठेचाळीस हजार देऊ केले. दुसरा प्रस्ताव मी मांडला: दर वर्षाच्या शेवटी बारा हजार, पाच वर्षं, एकूण साठ हजार.

संघाला कर्ज बारा टक्क्यांनी मिळायचं. त्या दरानं वर्षानं येणाऱ्या बारा हजारांचं आजचं मोल दहा हजार सातशे चौदा, पाचव्या वर्षीच्या बारा हजारांचं जेमतेम सहा हजार आठशे. पाचही हप्ते मिळून त्रेचाळीस हजार अडीचशे. म्हणजे साठाचा आकडा रोखीपेक्षा पावणेपाच हजारांनी हलका होता. दोन्ही प्रस्ताव मी शेठसमोर ठेवले. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांना वटाव लावला, त्याला स्वतःच्या पैशाचा वटाव सुचला नाही. मोंढ्याच्या बाजारात सांगायला त्याला साठच हवे होते. त्यानं सही केली आणि मी मनातल्या मनात खूश झालो.

वर्षानं तो पहिला हप्ता न्यायला आला. पोरीचं लग्न ठरलं होतं. उरलेले चारही हप्ते आजच द्या, म्हणाला. या वाक्याची मी वाट पाहत होतो.

“रोख पाहिजे? मंग वटाव कटंल.”

शेठनं माझ्याकडं पाहिलं. ओळख पटली असावी, कारण त्यानं टेबलावरचा हात मागं घेतला. चार हप्त्यांच्या अठ्ठेचाळीस हजारांतून मी साडेअकरा हजारांवर कापले, त्याच बारा टक्क्यांनी, एक पैसा जास्त नाही. आधीचा हप्ता धरून त्याला मिळाले अठ्ठेचाळीस हजार चारशे अठ्ठेचाळीस. वर्षभर थांबल्याची कमाई साडेचारशेसुद्धा नव्हती. तीच रोख तेव्हा घेऊन बँकेत टाकली असती, तरी व्याज कितीतरी जास्त आलं असतं. हे मी त्याला सावकाश, पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं.

नोटा टेबलावर ठेव, असं तो हातानं खुणावत होता. मी उठलो, त्याचा हात धरला आणि सगळी रक्कम त्याच्या तळहातावर ठेवली.