अण्णांचा माहेरचा माल

सातपूरच्या कारखान्यात मी स्टोअरमध्ये हेल्पर म्हणून लागलो, तेव्हा माझी पाठ चांगली होती. ओतीव लोखंडाच्या पेट्या ट्रकमधून उतरवायच्या आणि रॅकवर चढवायच्या, एवढंच काम. दोन-चार वर्षांत कंबरेनं असा दगा दिला की देवळालीच्या बसमध्ये सीट मिळाली तरी मी उभाच राहायचो. बसलो की उठवत नसे.

आमचे स्टोअरकीपर म्हणजे अण्णा. सगळा कारखाना त्यांना अण्णाच म्हणे. त्यांनीच मला कामाला लावलं, म्हणजे खऱ्या अर्थानं. जुना माल पुढे, नवा मागे. माल आला की आधी मोजायचा, मग सही. प्रत्येक रॅकला टांगलेल्या कार्डावर आवक-जावक त्याच क्षणी चढवायची, "चहा पिऊन लिहितो" हे चालायचं नाही. एकदा मला कण्हताना पाहून ते खवळले. "अरे, ही पाठ काय पेन्शनीपर्यंत पुरणार आहे का? संध्याकाळच्या वर्गात नाव घाल. हिशेब शीक, टायपिंग शीक, आणि वर जा."

वर म्हणजे जिन्यावरचा नियोजन विभाग. कुठला माल किती आणि कधी मागवायचा, हे तिथं ठरे. दिवसभर पेट्या आणि संध्याकाळी वर्ग! फळ्यावरचं काही दिसत नसे, डोळे मिटायचे. तरी रेटलं. शेवटी सहा महिन्यांच्या बोलीवर मला वर घेतलं. जमलं तर कायम, नाहीतर पुन्हा पेट्या.

आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं. मी कार्ड बघून माल मागवायचो. माल यायचा, तर गोदामात ठेवायला जागा नसायची. एक दिवस नियोजनाच्या साहेबांनी कार्ड माझ्यापुढं टाकलं. "स्प्रिंगा कार्डावर शून्य, आणि खाली उत्पादनाची लाइन चालू! हे काय गौडबंगाल आहे? असंच चाललं तर तुम्हाला कायम कसं करू?"

गौडबंगाल मला ठाऊक होतं. लाइनवरून न वापरता परत आलेला माल अण्णा कार्डावर चढवतच नसत. जिन्याखाली ताडपत्रीआड ठेवत. आम्ही पोरं त्याला माहेरचा माल म्हणायचो. ट्रक अडकला आणि उत्पादनवाले बोंब मारत आले की अण्णा सावकाश उठत, ताडपत्री उचलत आणि म्हणत, "घ्या. आहे म्हाताऱ्याकडे." त्या एका वाक्यासाठी ते जगत, असं मला वाटे. एका पैचा माल त्यांनी कधी घरी नेला नाही.

साहेबांना सांगावं तर अण्णांवर बालंट. न सांगावं तर माझी पाठ. जेवणाच्या सुट्टीत मी खाली गेलो.

"अण्णा, ताडपत्रीतलं सगळं कार्डावर चढवा."

"आणि लाइन थांबली म्हणजे?"

"तेवढा माल मी राखीव म्हणून दाखवतो. कार्डावरच. वरून चिठ्ठी आल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही."

त्यांनी भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला. "म्हणजे माझाच माल, आणि तुझी चिठ्ठी," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं, पण मी माघार घेतली नाही. दुसऱ्या दिवशी ताडपत्री घडी करून कोपऱ्यात ठेवलेली होती.

कार्डं जुळू लागली. जादा मागणी थांबली, गोदामात चालायला वाट झाली. मग एकदा कसारा घाटात ट्रक उलटला आणि वाहतूक अडली. मुंबईहून येणाऱ्या स्प्रिंगा त्या गर्दीतच कुठंतरी अडकल्या. उत्पादनाचे साहेब धावत आले. अण्णा सवयीनं खुर्चीवरून उठले. साहेब त्यांच्या समोरून तसेच जिना चढून माझ्याकडे आले. मी चिठ्ठी लिहिली आणि स्वतःच खाली नेली. अण्णांनी ती वाचली, माल मोजून दिला, कार्डावर जावक चढवली. "आहे म्हाताऱ्याकडे" हे काही ते म्हणाले नाहीत.

लाइन थांबली नाही. त्याच आठवड्यात मी कायम झालो. पेढे घेऊन खाली गेलो. पुडा त्यांच्यापुढं धरला.

अण्णांनी पेढा घेतला. "पाठ कशी आहे?"

"बरी आहे आता."

"मग झालं तर," ते म्हणाले. "आता इथं मागायला कुणी येत नाही रे. बसून बसून माझीच धरते."