जीपसाठी गाळलेलं पाणी

मी इंग्रजी शाळेत शिकले म्हणून घरात माझ्याकडे एक कायमचं काम आलं: लेबलं वाचणं. औषधाची बाटली असो, खताची गोणी असो, ती माझ्यासमोर ठेवतात आणि सगळे गप्प बसतात. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी आईच्या मागे जाऊन उभी राहते. पण लेबल वाचताना ते बोलणं माझं नसतं, कंपनीचं असतं, म्हणून जमतं.

त्या मे महिन्यात अंगणात कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, पाच लिटरचा कॅन आला. बाबांची जीप वडसा ते ब्रह्मपुरी सवारी भरते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवरदेवाची गाडी होणार होती आणि नवरदेव माझा चुलतभाऊ होता. मागच्या वर्षी बाबांनी दुसऱ्या एका घरची वरात नेली, तेव्हा जीप वाटेत उकळली आणि तो नवरदेव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभा राहून मंडपात पोचला. वर्ष झालं तरी स्टँडवर लोक विचारायचे, "भाऊ, आज जीप हाय का ट्रॅक्टर?" बाबा हसायचे, पण त्या दिवशी जेवताना बोलायचे नाहीत. घरच्या लग्नात पुन्हा तसं झालं तर ते गाडी विकून टाकतील, असं आई म्हणाली होती. आई उगीच काही बोलत नाही.

माझे मामा मेकॅनिक. त्यांनी सकाळीच रेडिएटर आणि इंजिन, दोन्हीकडचं पाणी काढून टाकलं होतं. तांबूस पाण्याबरोबर पांढरे पापुद्रे बाहेर आले. मग मला बोलावणं आलं.

मी वाचलं: अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. उणे सदतीसपर्यंत गोठणार नाही आणि उकळेल तेही शंभराच्या पुढे जाऊन.

"उणे सदतीस," बाबा म्हणाले. "वडशात."

"भाऊ, मंग बर्फाचा भाग काऊन टाकायचा?" मामा म्हणाले. "त्यातलं गोठण्याचं काढून टाकू, उकळण्याचं तेवढं ठेवू. कॅन दोन वेळा पुरंल."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. दोन्ही कामं एकच द्रव करतो, वेगळं काढता येत नाही, असं मी कॅनकडे बघत सांगितलं. कमी टाकलं तर दोन्ही बाजूंनी कमी पडेल.

"मंग पाणीच नको," बाबा म्हणाले. "निखालस कूलंट भरू. आणखी एक कॅन आणतो."

तेही चालत नाही. नुसतं कूलंट उणे बारा-तेरालाच गोठायला लागतं. ते उकळतं उशिरा, पण उष्णता वाहून नेतं कमी. ते काम पाण्याचंच. इतकं सलग मी कॉलेजच्या तोंडी परीक्षेतही बोलले नव्हते.

"मंग घरच्या नळाचं घालतो. त्यात का काटे हायेत?"

"आकडे जवळपास तेच येतील," मी म्हटलं. "गोठणं-उकळणं मिसळण्याच्या प्रमाणावर असतं." बाबांचा चेहरा खुलला, म्हणून मला घाईनं पुढचं सांगावं लागलं. "पण आपल्या नळाला बोअरचं पाणी येतं. त्याचा क्षार आत बसतो, कूलंटमधलं गंज रोखणारं औषधही लवकर संपतं. नळ्या चोंदल्या की उष्णता बाहेर पडत नाही. मग लेबलवर काही लिहिलेलं असो, जीप तापणारच."

मामांनी मघाचा एक पापुद्रा उचलून बाबांच्या तळहातावर ठेवला. बाबांनी तो बराच वेळ पाहिला.

तर डिस्टिल्ड, म्हणजे वाफ करून गाळलेलं पाणी हवं होतं, चार लिटर; जीपमध्ये एकूण आठ मावतं. उन्हाळ्यात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या ते पितात, त्यामुळे दोन दुकानांत ते संपलं होतं. तिसऱ्याला कुलूप होतं. मालक लग्नाला गेला होता. तिथंच उभं राहून मामा म्हणाले, "गाळणारं माणूस मले माहीत हाय."

ते माणूस म्हणजे जंगलाकडच्या गावातली एक गोंड आजी. ती बाबांच्या जीपनं बाजाराला यायची. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. आजीनं सांगितलं की तिनं मोहाची काढणं केव्हाच सोडलं. परसातलं गाळायचं मडकं मात्र अजून कोमट होतं.

"नुसतं पाणी गाळायचं?" आजीनं मामांना विचारलं. "पोरीचं डोकं बरं हाय ना?"

"जीपसाठी हाय, बाई."

"जीप बी प्यायले लागली?"

मी मडकं राखेनं तीनदा घासलं. आजी शेजारी बसून अपमान झाल्यासारखी बघत होती. वाफ वरच्या गार पाण्याच्या भांड्याला लागून थेंब थेंब नळीतून उतरायला लागली. पहिली बाटली भरली तशी आजीनं ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"घे. पहिल्या धारंची. पावण्यालेच देत असतो."

मला तीच नको होती. मडक्यात मोहाचा अंश राहिला असेल तर तो पाण्याआधी वाफ होऊन पहिल्या बाटलीत आला असणार, आणि तो लवकर उकळतो. आमचं भांडणच उकळण्याशी होतं. ही बाटली ओतून द्यायची, हे मी आजीला तीन वेळा सांगितलं, दर वेळी आधीपेक्षा हळू.

"पहिली धार फेकते," आजी शेजारणीला ओरडून म्हणाली, "आन् मागचं पाणी घरी नेते. इंग्रजी शिकली हाय." मग तिनं ती बाटली स्वतःच हुंगून पाहिली आणि आत नेऊन ठेवली.

परतताना मी मोटरसायकलवर मामांच्या मागे, मांडीवर गाळलेल्या पाण्याचा कॅन. वडशाच्या अलीकडे हवालदारांनी थांबवलं.

"काय हाय?"

"पाणी," मामा म्हणाले.

हवालदारांनी झाकण उघडून वास घेतला. मोहाचा वास फार चिवट असतो. त्यांनी मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मामांना एकाएकी खोकला आला.

"डिस्टिल्ड वॉटर आहे, सर. कूलंटमध्ये घालायला."

"म्हंजे गाळलेलं."

"हो."

"कुठी गाळलं?"

मी आजीचं नाव सांगणार नव्हते. "पेटवून बघा, सर," मी म्हटलं. माझा आवाज कुठून आला मला माहीत नाही. "दारू असेल तर जळेल."

त्यांनी दगडावर थोडं ओतलं आणि काडी लावली. काडी विझली. दुसरीही विझली. तिसरी त्यांनी पेटवली नाही. ते थोडे उदास दिसले.

"चार लिटर पाणी," ते म्हणाले, "आन् एवढ्या लांबून आणून राह्यले. जा."

संध्याकाळी मामांनी बादलीत कूलंट आणि पाणी सारखं मोजून मिसळलं आणि रेडिएटरमध्ये भरलं. दुसऱ्या दिवशी पंधरा माणसं, एक नवरदेव आणि भर दुपारच्या आत मंडपात पोचायचं. बाबा रस्त्याकडे कमी आणि तापमानाच्या काट्याकडे जास्त बघत होते, म्हणून मामांनी त्यांना दोनदा बैलगाडी दाखवली. काटा निम्म्यावर गेला आणि तिथंच राहिला.

बाबांनी जीप थेट मंडपासमोर नेली, खाली उतरले आणि बॉनेट वर केलं. स्टँडवरचे तिघं आधीच तिथं उभे होते. "पाहा," बाबा म्हणाले. "वाफ हाय का? सांगा, कुठी हाय?" त्यांचा हात रेडिएटरच्या झाकणाकडे गेला, तेव्हा मी धावत जाऊन तो धरला, सगळ्यांसमोर. तापलेलं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर उडतं. मग त्यांनी लांबूनच एकेक नळी दाखवायला सुरुवात केली. ते तिघं वाकून वाकून बघत होते.

बँड थांबला होता. जीपच्या आतून आमच्या चुलतभावाचा आवाज आला, "काका, मले उतरू द्या ना. दार बाहेरूनच उघडते."