मिटलेल्या तक्रारींचा कोड

लेबलवाल्या काकू औषधांच्या बाटल्यांना लागणारी लेबलं छापत. सासऱ्यांनी लग्नपत्रिकांसाठी उभारलेला छापखाना त्यांनी जिद्दीने बाटल्यांवर आणला होता. कागदवाल्याशी, वीजवाल्याशी, सगळ्या जगाशी त्या भांडत. पण दारात घामाघूम होऊन उभ्या राहिलेल्या माणसाशी भांडणं त्यांना कधी जमलं नाही. सगळं पाणी तिथेच मुरत होतं.

औषधवाले सकाळी नेटवरून मजकूर पाठवत. काकूंनी नमुना जुळवून दुपारपर्यंत परत पाठवायचा. नाही पोचला तर काम दुसऱ्या छापखान्याकडे. आणि नेट नेमकं सकाळीच जाई.

काकू फोन लावत. ‘तुमची तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे,’ असं एक गोड आवाज सांगे.

“मोलाची म्हणूनच जपून ठेवतात, कशाला हात लावतील?” हिशेबाला बसलेली नणंद म्हणे.

मग दुरुस्तीवाला येई. भिंतीवरची पेटी बंद करून चालू करी. हिरवा दिवा लागला की कपाळ पुसत म्हणे, “काकू, मोबाइलवर कोड आला असेल, तेवढा सांगा. तक्रार वेळेत मिटली नाही तर पगार कापतात हो माझा.” काकू कोड सांगत आणि वर चहा पाजत. तो गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत दिवा पुन्हा लाल. पुन्हा फोन, नवी तक्रार, नवा नंबर.

एक दिवस औषधवाल्यांच्या खरेदी-साहेबांचा फोन आला. “बाई, दर वेळी नेटच कसं जातं तुमचं? शाळेत आमचं पोट दुखायचं, तसंच दिसतंय हे. वर्षाचं काम तुम्हाला द्यायचं का, ते सोमवारी ठरवतो.”

छापखान्याचा अर्धा धंदा त्या कामावर होता. काकू तडक नेट कंपनीच्या कचेरीत गेल्या. तक्रार पाहणाऱ्या मॅडमसमोर बसून त्यांनी भरपाई मागितली.

मॅडमनी पडद्यावर पाहिलं. “तुमची एकही तक्रार बाकी नाही. सगळ्या वेळेत मिटल्यात. उलट समाधानी ग्राहकांत आहात तुम्ही.”

“कोण म्हणतं?”

“तुम्हीच. प्रत्येक वेळी कोड दिलाय. धंद्याचं नुकसान तसंही करारात बसत नाही. लाइन बंद होती तेवढ्या वेळाची सूट बसते. पण ती बंद होती, याची नोंद तरी हवी ना.”

घरी आल्यावर नणंदेने मीठ चोळलं. “वहिनी, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ पाहिले. धोंडा आणणाऱ्याला चहा पाजणारी तूच पहिली.”

पुढच्या वेळी दुरुस्तीवाला आला, तेव्हा चहा तयार होता.

“आज कोड मिळणार नाही,” काकू म्हणाल्या.

“पोटावर पाय देताय, काकू.”

“पोटासाठी बिस्किटं ठेवलीत. रोग कुठे आहे ते सांग.”

त्याने चहा फुंकला. “कोपऱ्यावरच्या खांबाच्या डब्यात. केबलचा जोड कुजलाय. पहिल्याच दिवशी वर कळवलं होतं. पण एकच तक्रार दोन दिवस उघडी राहिली, तरच केबल बदलायची मंजुरी मिळते.”

“मग उघडी का नाही ठेवलीस?”

“उघडी ठेवली की पगार कापतात.”

काकूंनी तिथल्या तिथे कंपनीला फोन लावला. माणूस वेळेत आला, कोड मीच अडवलाय, तसंच लिहा, त्याच्या पगाराला हात लावायचा नाही, हे त्यांनी बजावलं. तीन वेळा.

तिसऱ्या दिवशी केबल बदलली गेली खरी, पण कोड काकूंकडेच होता. आता मॅडमचाच फोन आला, आवाज साखरेत घोळलेला. “काकू, आमच्या पडद्यावर तुमची तक्रार लाल दिसतेय. दोन महिन्यांचं बिल माफ करते. कोड देता?”

“बिल माफ कराच. शिवाय पत्र हवं. लाइन कोणकोणत्या दिवशी बंद पडली आणि चूक तुमची होती, असं.”

“असं पत्र आम्ही देत नाही.”

“बरं. कोड मीही देत नाही.”

सोमवारी सकाळी सही-शिक्क्याचं पत्र घेऊन दुरुस्तीवाला स्वतः दारात आला. काकूंनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मग कोड सांगितला आणि औषधवाल्यांचं ऑफिस गाठलं.

खरेदी-साहेब टेबलावर बोटं वाजवत बसले होते. त्यांनी पत्र वाचलं, खाली कंपनीचा शिक्का पाहिला आणि परत वाचलं. मागे भिंतीवरच्या पेटीत लाल दिवा लुकलुकत होता.

“काम तुमच्याकडेच राहील,” ते हळूच म्हणाले. “पण बाई, हे पत्र काढलंत कसं त्यांच्याकडून? आमचंही नेट त्यांचंच, सकाळपासून बंद आहे.”

काकूंनी खुर्ची पुढे ओढली.

“आधी मला सांगा, त्यांचा माणूस आला की कोड कोण देतं?”