कण्यापासून अंगठ्यापर्यंत

काकांना प्रयोगशाळेत येऊन सव्वीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात तीन संचालक बदलले, दोन इमारती बदलल्या, मायक्रोस्कोप किती बदलले त्याची तर गणतीच नाही. बदलले नाहीत ते काका आणि त्यांच्या स्टुलावरची चपटी झालेली उशी. हुद्दा तंत्रज्ञाचा. पण एखादी नवी विद्यार्थिनी डिश हातात घेऊन जरा धपधप चालली, की काका जागेवरूनच ओरडत, "हळू गं बाई, आत वाहतूक चालू आहे!"

आत चेतापेशी असत, आणि वाहतूक खरंच चालू असे. प्रत्येक पेशीचा एक लांब धागा निघतो, त्याला ॲक्सॉन म्हणतात. त्याच्या पोटात सूक्ष्म नळ्यांचे रूळ पसरलेले, सगळे एकाच दिशेने मांडलेले. पेशीत तयार झालेला माल चिमुकल्या पिशव्यांत भरला जातो आणि कायनेसिन नावाचं प्रथिन ती पिशवी डोक्यावर घेऊन दोन पायांनी टोकाकडे चालत निघतं. एक पाऊल आठ नॅनोमीटरचं. मिलिमीटरभर जायला सव्वा लाख पावलं, आणि पावलागणिक इंधनाचा एक रेणू खर्च. टोकाकडचा निरोप, वापरून झालेला माल परत पेशीकडे आणतं ते डायनिन.

"म्हणजे एक सासरी पोचवणारा आणि एक माहेरी आणणारा," काका नवख्यांना सांगत. "आणि गंमत अशी, की माहेरी आणणाऱ्यालाही तिथवर नेऊन सोडतो तो पहिलाच. तो अडला की दोघंही अडले."

हे सांगताना काका हसत, पण नजर दुसरीकडे वळवत. कारण त्यांच्या धाकट्या बहिणीच्या शरीरातला तो पहिलाच अधू होता.

बहिणीचं वय एकोणपन्नास, तरी घरात नाव बेबी. बेबी शिवणकाम करायची. आधी तिच्या पायांच्या बोटांना मुंग्या आल्या, मग पाय जड झाले, मग पायाखाली फरशी आहे की चटई हे बघूनच कळायला लागलं. तपासणीत एका कायनेसिनचा जीन बिघडलेला निघाला. मेंदूजवळच्या छोट्या चेतांचं कसंबसं भागतं, पण कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचा ॲक्सॉन म्हणजे मीटरभर लांब. रोज चाळीस सेंटीमीटर, न थांबता गेलं तरी अडीच दिवसांचा रस्ता. एवढ्या लांब माल पोचेनासा झाला की टोकच आधी उपाशी पडतं.

विजेच्या शिवणयंत्राच्या पेडलवर पाय किती दाबला ते बेबीला कळेना. सुई एकदम सुसाट सुटायची. मग तिने पेडल उचलून टेबलावर ठेवलं आणि कोपराने दाबायला लागली. "आता मी चार हातांची झाले दादा," ती म्हणे. ब्लाउजची शिवण मात्र जरा वाकडीच जाई, आणि ती उसवून पुन्हा घाली.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे नुसतंच 'बाई' म्हणत. त्यांनी अशा सहा रुग्णांच्या त्वचेचे कण घेतले, त्यांतून मूळपेशी केल्या आणि मूळपेशींतून चेतापेशी वाढवल्या. बेबीनेही दंडावरचा तुकडा दिला. डिशवर नाव नसे, नुसता क्रमांक, आणि कुठला कुणाचा ते फक्त बाईंना ठाऊक. काकांनी एकदा आडून विचारलं होतं.

"काका, ते कळलं तर तुम्ही तिच्याच डिशला जास्त जपाल," बाई म्हणाल्या.

"छे, छे!" काका म्हणाले. आणि त्या दिवसापासून सहाही बहिणी समजून जपू लागले. खाऊ, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, बदलायची वेळ झाली की सहाही डिशना "घ्या बायांनो" म्हणत. त्यातले दोघे रुग्ण पुरुष होते, ही गोष्ट वेगळी.

डिशमध्ये एका बाजूला पेशी, दुसऱ्या बाजूला ॲक्सॉनची टोकं, मधे बारीक समांतर चर. मायक्रोस्कोपखाली फक्त चर दिसतात, आणि चराच्या दोन्ही बाजू सारख्याच. म्हणून पेशींच्या बाजूला काका सुईने काठावर खाच पाडत आणि ती खाच नेहमी डावीकडे ठेवत. मग संगणक सगळ्या चित्रफितीचा मिळून एका चौकटीत आलेख काढून देई. आडवं अंतर, वरून खाली वेळ. उजवीकडे कललेली रेघ म्हणजे टोकाकडे निघालेली पिशवी, डावीकडे कललेली म्हणजे परतणारी, आणि उभी म्हणजे जागच्या जागी अडकलेली. या सहा डिशमध्ये उभ्या रेघाच जास्त. उजवीकडच्या मोजक्या, डावीकडच्या त्यापेक्षा बऱ्याच अधिक.

त्या बुधवारी पाच नंबरच्या डिशमध्ये बाईंचं नवं औषध घालून दोन दिवस झाले होते. काकांनी डिश बसवली, चित्रफीत घेतली आणि चौकट पडद्यावर आली. रेघा उजवीकडे! एक नाही, दोन नाही, चांगल्या चौदा. काकांनी चष्मा पुसला. चौदाच होत्या. बाई मीटिंगमध्ये होत्या. काकांना दम निघेना. त्यांनी जिन्यात जाऊन बेबीला फोन लावला.

"बेबे, चालल्या गं! टोकाकडे चालल्या!"

"कोण चालल्या? आणि ओरडतोस कशाला, मला पाय नाहीत, कान आहेत."

"पिशव्या! एका डिशमध्ये. कुणाची ते माहीत नाही, पण चालल्या!"

पलीकडे यंत्र थांबल्याचा आवाज आला. "बरं," बेबी म्हणाली, आणि फोन ठेवला.

तीन वाजता काका डिश काढायला गेले. सव्वीस वर्षांच्या सवयीने डावा अंगठा खाचेवर गेला. काठ गुळगुळीत लागला. काकांनी अंगठा पुन्हा फिरवला. मग डिश उचलून उजेडात धरली. खाच उजवीकडे होती.

चौदाही पिशव्या परतणाऱ्या होत्या. त्यांना टोकाकडे नेलं होतं ते काकांच्या घाईने.

डिश सरळ बसवून त्यांनी पुन्हा चित्रफीत घेतली. उजवीकडे तीन, आधी होत्या तेवढ्याच. बाई आल्यावर त्यांनी दोन्ही चौकटी शेजारी शेजारी ठेवल्या आणि सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, त्याचं काकांना जास्त लागलं.

"तुम्ही स्वतः सांगितलंत," बाई म्हणाल्या. "नाहीतर मी यावर वर्षभर घालवलं असतं. औषध बदलू."

"बाई, मी बहिणीला फोन केलाय."

बाईंनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मग आज लवकर निघा."

बेबी खिडकीशी बसली होती. दोन्ही पाय समोरच्या स्टुलावर, मोजे काढलेले. यंत्रावर अर्धवट शिवलेली बाही तशीच. काकांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. डिश उलटी, रेघा उलट्या, चूक माझी.

बेबीने ऐकून घेतलं. "मूर्ख आहेस," ती म्हणाली. "लहानपणी चप्पलसुद्धा उलटी घालायचास."

"घालायचो."

"मला माहीत आहे रे, औषध डिशमध्ये घातलंय, माझ्यात नाही. एवढी काही मी खुळी नाही." ती पायांकडे बघत होती. "तरी दुपारभर बघत बसले. म्हटलं, आज बुधवार. अडीच दिवस धरले तर शनिवारी सकाळी अंगठ्याशी पोचेल. शनिवारी तुझी सुट्टी असते, म्हणजे तू असशील."

काका स्टुलाशी खाली बसले.

"बघ तरी," बेबी म्हणाली आणि डोळे मिटले. "एका बोटाला हात लाव. मी ओळखते."

काकांनी करंगळीवर बोट टेकवलं. अगदी हलकं, मग जरा दाबून. बेबीच्या कपाळाला आठी पडली. दूरच्या खोलीतलं बोलणं ऐकायचा प्रयत्न करावा, तशी ती मान तिरकी करून थांबली.

"अंगठा?" तिने विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही," काका म्हणाले.

"लावलायस ना पण?"

"लावलाय. हा बघ, अजून आहे."

बेबीने डोळे उघडले नाहीत. "मग राहू दे थोडा वेळ," ती म्हणाली.