भिंतीवर लावलेला ई-मेल

तमाम लातूरकरांना, विशेषतः शिकवण्यांच्या गल्लीतल्या पालकांना, खोल्या भाड्याने देणाऱ्यांना आणि मेसवाल्यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या टायपिंगच्या दुकानात, लाईट असताना आणि इंटरनेटही चालू असताना (दोन्ही एकाच वेळी, हे ध्यानात घ्यावे), दत्तूआबांनी आपल्या आयुष्यातला पहिला ई-मेल परदेशी, नातीला, रवाना केला. प्रसंगी डोक्याला फेटा, अंगात धुतलेला सदरा आणि पायात नव्या वहाणा होत्या. ‘पोरीसमोर जायचंय,’ असं त्यांनी मला बजावलं होतं. पडद्यातून ती आपल्याला पाहू शकत नाही, हे मी त्यांना सांगितलं. ‘तरी पण,’ म्हणाले.

आबा गेले त्याला आता काही आठवडे झाले. हसत हसतच सांगणार होतो, कारण आबांच्या बाबतीत दुसरं काही मला जमत नाही. पण बघू या कुठवर हसू टिकतं ते...

आबा लातूरचे नव्हेत. भूकंपात त्यांचं गाव गेलं, घर गेलं, थोरला मुलगा आणि सून गेली. नात तेवढी वाचली, वैशाली. धाकटा मुलगा सुभाष नांदेडला नोकरीला होता, म्हणून वाचला. वैशाली अकरावीला आली तेव्हा आबा तिला घेऊन लातूरला आले आणि माझ्या दुकानामागची पत्र्याची खोली त्यांनी घेतली. घरमालक पक्क्या स्लॅबची खोली त्याच भाड्यात देत होता. आबांनी मान वर करून स्लॅबकडे नुसतं बघितलं आणि म्हणाले, ‘पत्राच बरा. पडला तरी माणूस उचलू शकतो.’ दोन वर्षं त्यांनी नातीला भाकरी करून घातली. आमच्या गल्लीत असे आजोबा पुष्कळ होते. पहाटे स्टो पेटवायचे, डबा भरायचे आणि क्लास सुटायच्या वेळी फाटकापाशी ओळीने उभे राहायचे. पण फिजिक्सच्या सरांना गाठून ‘पोरगी कच्ची कुठं हाय ते सांगा, मी तिथलं पाठ करून घेतो’ म्हणणारे आबा एकटेच. ती इंजिनीयर झाली, पुढे शिकायला जर्मनीला गेली. आबांनी मात्र पत्र्याची खोली सोडली नाही.

माझा धंदा क्लासच्या नोट्स आणि सराव परीक्षांच्या प्रश्नपत्रिका मराठीत टाइप करण्याचा. एक दिवस आबा दुकानात आले, दार ओढून घेतलं आणि म्हणाले, ‘राजाभाऊ, पोटात गाठ हाय. डॉक्टर म्हणला, लई उशीर केला.’ मी काही बोलायच्या आत म्हणाले, ‘रडायचं नंतर. आधी वैशीला ई-मेल करायचा.’

फोन का नाही, हे विचारलंच मी. तिचा तिकडचा नंबर फक्त सुभाषकडे होता, फोन तो रविवारी नांदेडहून आला की त्याच्याच मोबाईलवर यायचा, बोलताना तो शेजारी उभा असायचा, आणि सुभाषने सगळ्यांना ताकीद दिली होती की तिची परीक्षा होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. त्याला दोष देणारा मी कोण? आमच्या लातुरात हा रिवाजच आहे. घरात बारावीचं पोर असेल तर मेलेलं माणूससुद्धा निकाल लागेपर्यंत ‘गावाकडं गेलंय’. एका मुलाच्या आजीचं तेरावं उरकलं आणि त्याला सांगितलं, आजी तीर्थयात्रेला गेली. सगळी गल्ली या कटात सामील. मीही आजीच्या वतीने त्याला ‘नीट अभ्यास कर’ असा निरोप दिला होता.

‘पण मला खोटं बोलता येत न्हाई तिच्याशी,’ आबा म्हणाले. ‘एकदा बोललोय.’

मग त्यांनी ते सांगितलं. भूकंपानंतर छावणीच्या दवाखान्यात वैशालीचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. आई-बाप कुठे म्हणून ती विचारायची. सगळे सांगायचे, सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात आहेत. आबाही तेच सांगायचे. मदतीच्या गाड्यांतून बिस्किटांचे पुडे यायचे, त्यातला एकही पोरीने फोडला नाही. आई-बाबांसाठी उशाखाली साठवत राहिली. शेवटी पाण्याच्या टँकरपाशी बायका बोलत होत्या, ते तिच्या कानावर पडलं. पुडे तिने एकेक करून आबांच्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, ‘आबा, आता कुणीबी मरणार असलं तर मला आधी सांगायचं.’ आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

तर असा तो ई-मेल. आधी आबांचं खातं उघडावं लागलं. जन्मतारीख विचारली तेव्हा आबा म्हणाले, ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी.’ यंत्राला पोळा कळत नाही म्हटल्यावर एक जानेवारी टाकली. पासवर्ड त्यांनी माझ्या कानात सांगितला, दुकानात तिसरं माणूस नसताना. मी टाइप केल्यावर पडद्यावर नुसते ठिपके उमटले. ते बघून खूश झाले. ‘झाकून ठेवतंय व्हय? इमानदार दिसतंय.’ मग वैशालीचा पत्ता. तिने जाताना वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिला होता. एक टिंब राहिलं तरी ई-मेल जात नाही, हे ऐकून त्यांनी तो बोट ठेवून तीनदा ताडून बघितला. ‘विषय’ असा एक रकाना असतो. ‘विषय काय लिहू?’ विचारलं तर म्हणाले, ‘विषय मरणाचा. पण तसं नको लिहू, दचकेल. “आबाकडून” लिही.’

मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहिला. ‘वैशे, तुला शब्द दिलाय म्हणून कळवतो. पोटात गाठ हाय, बरी होणारी न्हाई. काका तुला सांगणार न्हाई, त्याच्यावर रागावू नको. येता आलं तर ये. न्हाई जमलं तर न्हाई, पण तुला ठाऊक असू दे.’ एवढंच. मग विचारलं, ‘सही कुठं करू?’

मराठी मी माझ्या नेहमीच्या फॉन्टमध्ये, प्रश्नपत्रिका करतो त्याच पद्धतीने टाइप केलं, तिथून उचललं आणि ई-मेलच्या चौकटीत चिकटवलं. पडद्यावर झकास दिसलं. आबांना माऊस धरायला लावला, बाण ‘सेंड’वर नेला. बोट त्यांचंच. दाबलं. ‘मेसेज पाठवला’ अशी ओळ आली. ‘गेला?’ ‘गेला.’ ‘जर्मनीत?’ ‘पोचलासुद्धा असेल.’ आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. म्हणाले, ‘हलकं वाटलं बघा.’

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि सुभाष त्यांना गाडीत घालून नांदेडला घेऊन गेला. जाताना मला म्हणाले, ‘उत्तर आलं तर उघडून वाचा, तुमाला परवानगी हाय.’

उत्तर आलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. ‘आबा! तुमचा ई-मेल! मी ओरडलेच लायब्ररीत. पण आबा, वाचताच येत नाही. नुसती इंग्रजी अक्षरं आणि टोप्या-टिंबं घातलेली चिन्हं दिसतात. तरी मी त्याचा प्रिंट काढला आणि टेबलासमोर भिंतीवर लावला. रोज बघते आणि हसते. काकांना फोन केला, ते म्हणाले, आबा मजेत आहेत, कॉम्प्युटर शिकतायत. परीक्षा झाली की तुम्ही मला वाचून दाखवा.’

झालं होतं असं की, माझा तो फॉन्ट फक्त माझ्या कॉम्प्युटरवर होता. त्याच्यात ‘क’ म्हणून जे दिसतं ते यंत्राच्या लेखी इंग्रजीतलं एखादं चिन्ह असतं. फॉन्ट त्याच्यावर नुसता मराठीचा मुखवटा चढवतो. ई-मेलमधून चिन्हं गेली, मुखवटा इथेच राहिला. इतकी वर्षं माझं सगळं मराठी इथेच कागदावर छापून क्लासात वाटलं जायचं. पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर ते कधी गेलंच नव्हतं. उपाय सोपा होता. मजकूर कागदावर छापायचा, कागद स्कॅन करायचा आणि त्याचं चित्र ई-मेलला जोडून पाठवायचं. चित्राला फॉन्ट लागत नाही.

पण आता ती हसत होती. परीक्षा तोंडावर होती. सुभाषचा फोन आला, ‘राजाभाऊ, हात जोडतो, आता परत काही पाठवू नका. पोरीचं वर्ष जाईल.’ मी सरळ एसटी पकडली. अहमदपूरला चहाला गाडी थांबली तेव्हाही ठरत नव्हतं की आबांना काय सांगायचं.

नांदेडच्या दवाखान्यात आबा अर्धे झाले होते. मी उत्तर वाचून दाखवलं. भिंतीचं ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, ‘म्हंजी रोज माझं मरण समोर ठेवून हसती व्हय पोरगी...’ सुभाष म्हणाला, ‘आबा, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे.’ आबांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. माझं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता, नुसतं हाड. ‘परत पाठवा. आजच.’

लातूरला पोचलो तर लाईट नव्हती. आली तेव्हा कागद छापला, स्कॅन केला. चित्र इतकं जड झालं की आमच्या फोनच्या लाईनवरून अर्ध्यातच तुटायचं. बारीक करून, अक्षर वाचता येईल एवढंच ठेवून पुन्हा जोडलं. गेलं. या वेळी मी ते दुसऱ्या कॉम्प्युटरवरून उघडून पाहिलं. सगळं वाचता येत होतं.

पण वैशालीने अभ्यासासाठी ई-मेल बघणंच बंद केलं होतं. घरी सगळे मजेत आहेत, असं काकांनी सांगितल्यावर कशाला बघेल? मी रोज उघडत होतो. एका सकाळी एक ओळ आली. ‘आबा, वाचलं. निघाले. थांबा.’ मी नांदेडला सुभाषला फोन लावला, ओळ वाचून दाखवली, म्हटलं, आत्ताच्या आत्ता त्यांच्या कानात सांग. सुभाष म्हणाला, ‘आबा काल रात्रीपासून शुद्धीत नाहीत.’ तरी सांग म्हटलं. सांगितलं असेल त्याने. आबांनी ऐकलं की नाही, हे मला कुणीच सांगू शकत नाही...

तिकीट मिळून ती आली तोवर राख सावडून आठवडा झाला होता. सुभाषने दहावा लातूरला, पत्र्याच्या खोलीपुढे ठेवला होता, कारण आबांची माणसं म्हणजे आमची गल्लीच. शिकवणीला पोरं घेऊन आलेले आई-बाप, आजोबा, डबेवाल्या बायका, सगळे सतरंजीवर बसले होते. वैशाली पाठीवरची बॅगसुद्धा न उतरवता उभी होती. रडत नव्हती. सुभाष तिच्यापुढे गेला, त्याला हुंदका आवरेना. ‘वैशू, तुझी परीक्षा होती गं... तुझं नुकसान होऊ नये म्हणून आम्ही...’ समोरच्या आई-बापांनी माना डोलावल्या, बरोबरच आहे म्हणून. आणि वैशाली सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, ‘अहो काका, परीक्षा पुन्हा देता येते!’