गाढव कोण, ते लिहिलं नव्हतं

"म्या कुनालाच गाढव म्हनलं न्हाई, साहेब. फळा मोकळा होता, म्हन लिवली. एवढंच."

"अहो, पण आज का? इतकी वर्षं नाही लिहिलीत ती?"

"रोज सुविचार लिवा, असं उल्काताईंनीच सांगितलंय. आज म्हन लिवली."

सदाशिव पेठेतल्या त्या चार मजली इमारतीच्या फाटकाशी सकाळी नऊ वाजता ही जबानी चालली होती. विचारणारे श्यामराव, सोसायटीचे चेअरमन. बँकेतून निवृत्त झालेले, पण तपासणी काही सुटलेली नाही. उत्तर देणारा बजरंग, वॉचमन, वय एकसष्ट. पुण्याजवळच्या मांजरी गावचा. मांजरी आता शहरात आली म्हणतात; बजरंगचं म्हणणं, शहरच उसात शिरलं, आम्ही जागचे हललो नाही. तीस वर्षं एका कारखान्यात लोखंड घासून निवृत्त झाला, पेन्शन एवढीशी, म्हणून फाटकाशी खुर्ची टाकून बसला. अक्षर मात्र मोत्याचं. त्या अक्षरापायीच उल्काताईंनी त्याच्या हातात खडू दिला होता. त्या निवृत्त मराठीच्या बाई, पहिल्या मजल्यावर राहतात. सुविचारांची एक वही त्यांनी दिली होती, ती सोमवारी संपली. दोन दिवस बजरंगने 'सत्य बोला' लिहून काढले. गुरुवारी त्याने आईच्या तोंडची म्हण लिहिली:

अडला हरी गाढवाचे पाय धरी.

खडू ठेवला तेव्हा बरं वाटलं त्याला. कारण त्यातला हरी तो स्वतः होता.

त्याचं असं झालं होतं. पेन्शन चालू राहायची तर आपण जिवंत असल्याचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. आधी मशीनवर अंगठा उमटवला की काम व्हायचं. पण तीस वर्षं लोखंड घासलेल्या अंगठ्यावर रेघ राहते कुठली? मशीनने दोन वेळा नाही म्हटलं. मशीनवरच्या बाईने सांगितलं, "आजोबा, मोबाइलवर चेहरा दाखवून करा." बजरंगच्या मोबाइलला बटणं होती, चेहरा बघायचा डोळा नव्हता. म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या आयुषला गाठलं. आयुष सत्तावीस वर्षांचा, कंपनीत कामाला, भाड्याने राहतो. पहिल्यांदा म्हणाला, "काका, संडे डन." तो संडे गेला. पुढचाही गेला. बुधवारी रात्री बजरंग जिन्यात उभा राहिला, तर कानातल्या मोबाइलच्या बोंडात बोलत बोलत आयुषने अंगठा वर केला नि वर गेला. दाखल्याची मुदत शनिवारी संपत होती. तोवर दाखला गेला नाही, तर सरकारदरबारी बजरंग मेला.

आता हे सगळं फळ्यावर लिहायला जागा कुठली? म्हण त्यासाठीच तर असते.

घोटाळा असा की फळ्याचा फोटो आयुषनेच काढला. सकाळी दूध आणायला उतरला तेव्हा काढला नि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. खाली लिहिलं: "मीनिंग प्लीज." इंग्रजी शाळेत शिकलेला पोरगा, मराठी बोलायचा, पण म्हण दिसली की परक्या गावात उतरल्यासारखा बघायचा.

पुण्यात फळ्यावर काही लिहिलेलं दिसलं की माणूस आधी अर्थ विचारत नाही, 'हे कोणाला उद्देशून?' विचारतो. इथल्या पाट्यांनी ही सवय लावलीय. हीच म्हण कारखान्याच्या फळ्यावर असती तर कोणी वाचलीही नसती. इथे दीड तासात तीस निरोप पडले.

पहिला निरोप चौथ्या मजल्याचा. त्यांनी मोबाइललाच अर्थ विचारला आणि जसाच्या तसा डकवला: 'भगवान हरी थांबले आणि त्यांनी गाढवाच्या पायांना वंदन केले. संदेश: प्राणिमात्रांवर प्रेम करा.' त्यावर तिघांनी हात जोडले.

उल्काताईंना हे सहन होणं शक्य नव्हतं. त्यांनी लिहिलं: अडला म्हणजे थांबला नव्हे, अडचणीत सापडला. हरी म्हणजे मोठा, शहाणा. गाढव म्हणजे अडाणी. गरज पडली की शहाण्यालाही मूर्खाची मनधरणी करावी लागते, असा रूढ अर्थ. शब्दार्थ आणि भावार्थ वेगळे वाचावेत. आणि कृपया वंदन करू नये.

मग कोणीतरी उगम काढला. देवकीला मूल झालं की कंसाच्या बंदिशाळेबाहेरचं गाढव ओरडायचं, पहारा जागा व्हायचा. कृष्णाच्या वेळी वसुदेवाने गाढवाचे पाय धरले, 'बाबा, एवढी रात्र गप राहा.' तीच ही म्हण.

उल्काताई म्हणाल्या, गोष्ट मीही लहानपणी ऐकली आहे. पण पाय धरतो तो वसुदेव, आणि म्हणीत आहे हरी. हरी तर त्या वेळी टोपलीत. म्हणजे गोष्टीवरून म्हण आली की म्हणीला गोष्ट मागाहून चिकटवली, हे मला सांगता येत नाही. कुठल्या पोथीत आहे, कोणाला ठाऊक असेल तर दाखवा.

कोणी पोथी दाखवली नाही. तळमजल्याच्या हिंदुरावांनी लिहिलं, "आमच्या आळीत अडला नारायण म्हणायचे." म्हणजे नावातही एकमत नाही. मग नाव सोडून लोक माणसावर आले.

श्यामरावांनी डोकं लावलं. मंगळवारी ते हिंदुरावांकडे हात जोडून गेले होते. पंपाची पाइप फुटली होती, ती नीट करायची तर हिंदुरावांच्या दुकानाची फरशी उकरावी लागणार होती. हिंदुराव मांजरीचेच, जमीन विकून पेठेत दुकान नि सदनिका घेतलेले. त्यांनी "बघू" म्हणून चहा पाजला होता. तेव्हा हरी म्हणजे आपण, हे श्यामरावांना लगेच पटलं. दुसऱ्या मजल्याच्या काकूंनाही पटलं, कारण त्या मोलकरणीच्या रोज विनवण्या करत. चौथ्या मजल्यालाही पटलं. थोडक्यात, गटावर दहा-बारा हरी निघाले. गाढव एकही नाही.

उरलेली जागा कोणाची, हे हिंदुरावांनी ओळखलं आणि ते तडक फाटकाशी आले.

"बजरंगा, गावचा हायेस म्हनून विचारतो. गाढव कोन रं?"

"दादा, म्हनीला नाव-पत्ता नसतो."

"नसतो कसा? चेअरमन मंगळवारी आलं, तू गुरुवारी लिवलं. मी काय दूधखुळा हाय?"

"हिंदुराव, आपण उगाच लावून घेता," श्यामराव म्हणाले. चेहरा मात्र असा, की घ्या, लागलंच की. "बजरंगराव, आपण एवढंच सांगा, कोणाला उद्देशून? नाहीतर मला हा विषय कमिटीत ठेवावा लागेल."

बजरंग कोंडीत सापडला. हिंदुरावांना नाही म्हणावं, तर कोणाला, ते सांगावं लागणार. खरं सांगावं, तर गाढव आत्ता कामावर जायला खाली उतरेल आणि शनिवार परवावर आलाय. आणि खोटं कोणाचं नाव घ्यावं?

तेवढ्यात गाढव आलंच. हेल्मेट काखेत, मान खाली, मोबाइल वाचत. "काका, सॉलिड! तुमच्या बोर्डवर पस्तीस मेसेज. पण मला अजून नाही कळलं. अर्थ शब्दांत आहे, स्टोरीत आहे, का कोण बोलतंय त्यावर आहे?"

उल्काताई जिन्यावरून उतरत होत्या. त्या थांबल्या. इतक्या वर्षांत वर्गात कोणी असा प्रश्न विचारला नव्हता. "तिन्हींत," त्या म्हणाल्या. "आणि मुख्य म्हणजे ही म्हण ज्याच्यापुढे हात जोडले, त्याच्यासमोर बोलत नाहीत. पाठीमागे बोलतात. बोलणारा स्वतःला हरी म्हणवून घेतो, म्हणजे केविलवाणेपणातही आपला मोठेपणा राखतो. अहो बजरंग, तुमच्याकडे काय म्हणतात?"

सगळे बजरंगकडे बघायला लागले. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"आमची आई म्हनायची, सगळी हरीचंच बघत्यात. गाढवाचं कुनी बघत न्हाई. आता सांगा, पाय धरल्यावर गाढवानं काय केलं?"

श्यामरावांनी हिंदुरावांकडे पाहिलं, हिंदुरावांनी फळ्याकडे.

"गप बसलं," बजरंग म्हणाला. "म्हनून पोर वाचलं. त्या रात्री राजाचं पहारेकरी झोपलं, दारं उघडली, नदीनं वाट दिली, ते समदं देवाचं. गाढवाच्या हातात येकच होतं, तोंड. ते त्यानं मिटलं. ज्याचं पाय धरलं त्यानं काम केलं. आई म्हनायची, गाढवानं काम केलं, तर मग गाढव कोन ऱ्हायलं?"

"हा अर्थ कुठे नोंदलाय?" उल्काताईंनी विचारलं. रागाने नाही.

"आईपाशी."

"आणि आईला कोणी सांगितला?"

"ती वारली ताई. इचारायचं ऱ्हायलं."

आता हे आई खरंच म्हणायची का, हे बजरंगलाही सांगता आलं नसतं. गाढव गप बसलं एवढं ती नक्की म्हणायची. पुढचं तिने जोडलं होतं की फाटकाशी चौघांत उभं असताना त्याच्याच तोंडात तयार झालं, त्याचा त्याला पत्ता नव्हता. उल्काताईंनी मात्र तिथल्या तिथे मोबाइलवर टिपून घेतलं: 'मांजरी, मौखिक. एकाच व्यक्तीकडून. उगम अनिश्चित.'

हिंदुरावांनी हाताची घडी सोडली. मघापर्यंत फेकून द्यावीशी वाटणारी गाढवाची जागा एकदम मानाची झाली होती. ते श्यामरावांकडे वळले. "शनवारी पाइपवाल्याला लावून द्या. फरशी मी उचलून ठेवतो. पन गटावर लिवा, की मी गप बसलो."

श्यामरावांचं तोंड कडू झालं. काम झालं, पण सकाळपासूनचं हरीपण गेलं. "लिहितो," ते म्हणाले, "आपलं मौन इतिवृत्तात घेऊ."

आयुष अजून तिथेच होता. तो मंद नव्हता, फक्त म्हणींना नवा होता. "काका, एक मिनिट. तुम्ही काल जिन्यात... लास्ट संडे पण..." त्याने फळ्याकडे बघितलं, मग बजरंगकडे. "तो मी आहे?"

बजरंगने शांतपणे खिशातून चौकोनी घडी केलेला कागद काढला. वर पेन्शनचा नंबर. "आता म्हन कशाला, आयुषराव. कागद धरा."

आयुषने हेल्मेट खुर्चीवर ठेवलं. दोन ॲप उतरवली, एक चेहरा बघणारं, एक दाखला देणारं. आधारचा नंबर घातला. बजरंगच्या बटणाच्या मोबाइलवर सहा आकडे आले, ते उल्काताईंनी चष्मा वर करून वाचले. मग आयुषने मोबाइल तोंडासमोर धरला. "काका, गोलात या. टोपी काढा. उजेडाकडे वळा. आता डोळे मिटा, उघडा." पहिल्यांदा नाही झालं, पाठीमागून हिंदुराव गोलात डोकावत होते. दुसऱ्यांदा गोल हिरवा झाला. थोड्या वेळाने बटणाच्या मोबाइलवर निरोप आला, दाखला गेला म्हणून.

"झालं काका. यू आर अलाइव्ह."

"बरं झालं सांगितलंत," बजरंग म्हणाला.

आयुष गाडीवर बसता बसता गटावर काहीतरी लिहीत होता. उल्काताईंनी वाचून दाखवलं: 'गाढव मीच होतो. काम केलंय. प्लीज अपडेट मीनिंग.'

त्यावर लगेच श्यामरावांचा निरोप पडला: 'उद्यापासून फळ्यावर म्हणी नकोत. फक्त सूचना.'

बजरंगने ओलं फडकं आणलं. हरी पुसला, गाढव पुसलं, मधले पाय जरा घट्ट बसले होते, ते घासून काढले. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'शनिवारी दुपारी पाणी बंद. आधी भरून ठेवावे.' मागे उभं राहून वाचलं. यात कोणाला स्वतःचं नाव सापडू नये, असं त्याला वाटलं. पण पेठ होती, खात्री देता येत नव्हती. खडूचे हात विजारीला पुसून तो पंपाची किल्ली घेऊन टाकीकडे गेला.