दुसरा नंबर मोठ्या प्लॅनमध्ये

वृषाली ओव्हाळ माझी मालकीण आहे, पण तिला तसं म्हटलेलं खपत नाही. तिला तसं पुष्कळच खपत नाही. घोटावडे फाट्यावर हार्डवेअरच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. माणसं तीन. ती, मनीष आणि मी, हेमलता. मी फोन घेते. गावोगावच्या दूध केंद्रवाल्यांचं काही अडलं की आधी माझं डोकं खातात, उरलंसुरलं त्या दोघांचं.

आम्ही विकतो त्या सॉफ्टवेअरचं नाव 'धार'. दूध केंद्रावरच्या काट्याचं वजन आणि मशीनमधला फॅट आपोआप त्यात येतो, दर लागतो, दहा दिवसांचं बिल निघतं. आणि दूध घातल्याबरोबर मोबाईलवर मेसेज जातो, इतके लिटर, इतका फॅट, इतके पैसे. केंद्रवाला दर महिन्याला आमची वर्गणी भरतो. त्यावर आमचं तिघांचं घर चालतं.

वृषालीचं माहेर, म्हणजे अजून लग्नच केलेलं नाही म्हणून घरच म्हणा, पौडच्या पुढं धरणाच्या वाटेवर. वडील जयवंतकाका पिरंगुटच्या कंपनीत होते, आता रिटायर झाले. म्हशी आईच्या, म्हणजे जाईमावशींच्या. शेण त्यांनी काढायचं, वैरण त्यांनी आणायची, धार त्यांनी काढायची आणि किटली घेऊन केंद्रावर त्यांनीच जायचं. काकांनी म्हशीच्या शेपटीला कधी हात लावला नाही. पण केंद्रावरचं खातं काकांच्या नावावर. खोटं कशाला बोलू, आमच्याकडे घरोघर हेच आहे. बाई दूध घालते, खातेदार बाप्या असतो.

लहानपणी वृषाली आईबरोबर केंद्रावर जायची. फॅट किती लागला, असं आईनं विचारलं की केंद्रवाला वर न बघता म्हणायचा, "मालकांना विचारा." घरी येऊन मालकांना विचारलं की मालक म्हणायचे, "बरा हाय." एवढंच. म्हैस बदलली, पेंड बदलली, ओला चारा घातला, तरी बरा हाय. ती पोरगी तेव्हापासून जी चिडली आहे, तो राग अजून उतरलेला नाही. बीसीएस केलं, हिंजवडीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची नोकरी केली, आणि एक दिवस चांगली नोकरी सोडून 'धार' करायला बसली.

आणि केलं काय? एका खात्याला एकच मोबाईल नंबर ठेवला. खातेदाराचा. आईसाठी सगळा खटाटोप, आणि मेसेज बापाला. हिंजवडीत इतकी वर्षं लोकांच्या चुका शोधल्या, स्वतःची ढळढळीत चूक दिसली नाही. जाईमावशींनीच विचारलं, "वृषे, आकडा माझ्या म्हशीचा, मग तुझ्या बापाच्या खिशात कशाला वाजतोय?" तेव्हा तिनं घाईघाईत खात्याला दुसऱ्या नंबरची सोय केली, पण ती अजून कुणाला चालू करून दिली नव्हती.

गेल्या वर्षापर्यंत आमचा सगळ्यांना एकच दर होता. मनीष म्हणाला, असं चालणार नाही. मनीष अकोल्याचा, डोकं शांत, हिशोब पक्का. त्याचं म्हणणं खरंच होतं. वीस खातेदारांचं केंद्र आणि दयानंद शेठ, ज्यांची जाईमावशींच्या गावासकट सहा केंद्रं आहेत, दोघं सारखेच पैसे देत होते. लहान माणसाला जड वाटायचं, मोठ्याला फुकट वाटायचं.

मग त्यानं भिंतीवर तीन उभे कप्पे आखले. लहान, मधला, मोठा. एकेका सोयीची एकेक चिठ्ठी. त्याची रीत मला पटली. ज्याच्यावाचून केंद्र चालणारच नाही ते लहानमध्ये. धंदा वाढला की ज्याची गरज लागते ते वर. वजन, फॅट, बिल आणि खात्याला एक मेसेज लहानमध्ये. जास्त खातेदार, पेंडीच्या उधारीची कपात, कामगारांचे वेगवेगळे पासवर्ड मधल्यात. सगळी केंद्रं एका पडद्यावर आणि बँकेत एकदम पैसे टाकायची फाईल मोठ्यात. हातात शेवटची चिठ्ठी उरली, दुसरा नंबर. त्यानं ती मोठ्यात चिकटवली.

"ती खाली घे," वृषाली म्हणाली.

"प्रत्येक मेसेजला आपल्याला पैसे पडतात. दोन नंबर म्हणजे दुप्पट. लहान प्लॅनच्या दरात बसत नाही, तूच करून बघ."

"बायका रोज हेमाला फोन करून आकडा विचारतात."

"त्या आपलं गिऱ्हाईक नाहीत, वृषाली. वर्गणी केंद्रवाला भरतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण वृषालीनं खरंच कॅल्क्युलेटर घेतला, दोनदा आकडे मांडले आणि तो खाली ठेवला. बसत नव्हतं. चिठ्ठी मोठ्यातच राहिली.

नवे प्लॅन निघाले. मनीषची शक्कल अशी की पहिला महिना सगळ्यांना मोठा प्लॅन फुकट द्यायचा, चव लागली की लोक आपणहून घेतात. महिनाभर दुसरा नंबर सगळीकडे चालू होता. बायकांनी आपापले नंबर दिले. जाईमावशींनीही दिला. मेसेज आला की त्या विहाराच्या पायरीवर बसून शेजारणींना वाचून दाखवायच्या, आणि कुणाच्या म्हशीला कुठल्या पेंडीनं फॅट चढला यावर तिथं रोज चर्चा रंगायची. मावशींनी त्या नादात पेंड बदलली आणि फॅट खरोखर वर गेला. दयानंद शेठ मात्र मला फोनवर म्हणाले, "ते दुसऱ्या नंबरचं काढा मॅडम. बाप्ये तक्रार करतात. घरात उगाच प्रश्न सुरू झालेत." मी म्हटलं, बरं साहेब.

महिना संपला. दयानंद शेठनी मोठा घेतला नाही. पैसे वाचवायला प्रत्येक केंद्रासाठी वेगळा लहान प्लॅन घेतला, सहा वेळा. सॉफ्टवेअरनं आपलं काम केलं. प्लॅन खाली आला आणि एका सकाळी बायकांचे मेसेज बंद झाले.

त्या दिवशी मी नुसते फोन घेतले. "ताई, माझा मेसेज का आला न्हाई?" काय सांगणार? प्लॅनमध्ये नाही, असं सांगायचं? तेच सांगितलं. तोंडाची चव गेली. आणि केंद्रावर विचारलं तर वजन-फॅटची छापील चिठ्ठीही नाही, कारण मेसेज सुरू झाल्यापासून शेठनी चिठ्ठीचा कागद आणणं बंद केलेलं. केंद्रवाल्यानं जुनंच उत्तर काढलं, "मालकांना विचारा."

संध्याकाळी जाईमावशी काट्यापुढून हलल्याच नाहीत. किटली रिकामी झाली, मागं रांग उभी, आणि मावशी म्हणतात, "आकडा मोठ्यानं वाच." त्यानं वाचला. "आता सकाळचा वाच." तोही शोधून वाचला. मावशी बाजूला झाल्या. मागची बाई पुढं आली, तिलाही दोन्ही आकडे पाहिजेत. तिच्या मागचीलाही. कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही, पण आकडे ऐकल्याशिवाय एक बाई हलेना. टेम्पोवाला हॉर्न मारून थकला आणि अर्धे कॅन घेऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी शेठच्या आणखी दोन केंद्रांवर हेच झालं. पेंडीच्या चौकशीत गावोगावच्या बायकांना एकमेकींचे नंबर महिनाभरात मिळालेलेच होते.

तिसऱ्या दिवशी सकाळीच शेठचा फोन. मी स्पीकरवर टाकला. "तो दुसरा नंबर चालू करा. मोठा प्लॅन घेतो, सहाच्या सहा केंद्रांचा. पैसे आज टाकतो."

मनीषनं माझ्याकडे बघून अंगठा वर केला. वर्षाची चिंता मिटली होती. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. पगार मलाही लागतो.

"विकायचं नाही," वृषाली म्हणाली.

मी घाईघाईत शेठना थांबायला सांगून आवाज बंद केला. मनीष तिच्याकडे वळला. "अगं, हेच तर आपल्याला पाहिजे होतं. गिऱ्हाईक आपणहून वर यायला तयार आहे."

"शेठ परवडतील. पलीकडच्या गावात वीस खातेदारांचं केंद्र आहे, त्याला मोठा परवडेल? तिथल्या बायकांनी काय करायचं? माझी आई काट्यापुढं उभी राहिली ती काय तुझा मोठा प्लॅन खपवायला?"

"मग खर्चाचं काय? दोन मेसेज लहानमध्ये बसत नाहीत. तूच हिशोब केलास."

"दोन नकोच."

ती उठली आणि लहानच्या कप्प्यातली चिठ्ठी काढली. त्यावर लिहिलेलं होतं, एक मेसेज, खातेदाराला. तिनं 'खातेदाराला' हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'दूध घालणाऱ्याला'. चिठ्ठी पुन्हा लहानमध्ये लावली. "मेसेज एकच. खर्च तेवढाच. जो किटली घेऊन येतो त्याच्या नंबरवर. दहा दिवसांचं बिल जातं तसं खातेदारालाच जाईल, पैसे त्याच्या खात्यावर पडतात. रोजचा आकडा धार काढणाऱ्याचा."

मनीषनं कॅल्क्युलेटर ओढून आकडे मांडले. हिशोबात त्याला बोट ठेवायला जागा मिळेना. "आणि खातेदाराला रोजचा मेसेज पाहिजे असेल तर?"

"तो दुसरा नंबर झाला," वृषाली म्हणाली. "तू म्हणत होतास तिथंच ठेव. मोठ्यात."

मनीषला हसू आवरेना. मी आवाज चालू करून शेठना सांगितलं की बायकांचा मेसेज लहान प्लॅनमध्येच येणार आहे, जास्तीचे पैसे नकोत. ते गोंधळले. मग खातेदाराच्या मेसेजबद्दल सांगितलं. शेठ म्हणाले, "गावातले बाप्ये ओरडतील हो मॅडम. दुसरं कुणाचं सॉफ्टवेअर मिळतंय का बघतो." वृषाली लांबूनच म्हणाली, "बघा." मोठा प्लॅन गेला तो गेला. वर सहा लहानही जातात की काय, म्हणून त्या रात्री मला झोप नव्हती आणि तिला होती.

केंद्रवाल्यांनी काट्यावर एकेका बाईला विचारून नंबर भरले. आठवडा गेला आणि फोन सुरू झाले, या खेपेला बाप्यांचे. कुणी चिडलेले, कुणी नुसते गोंधळलेले. शेठनी सोडलं नाही अजून, आणि मोठाही घेतला नाही अजून. मी सगळ्यांना एकाच गोड आवाजात सांगते, तो मोठ्या प्लॅनमध्ये येतो, तुमच्या केंद्रवाल्याशी बोला.

परवा एक फोन आला. आवाज ओळखीचा. "हेमे, जयवंत बोलतुया. माझा दुधाचा मेसेज का यीना?"

मी वृषालीकडे बघितलं. ती समोरच बसली होती. मी फोनवर हात ठेवून विचारलं, "तुझे वडील आहेत. आपल्या घरचंच आहे, चालू करून देऊ?"

तिनं मान वर केली नाही. "केंद्र कुठल्या प्लॅनवर आहे?"

"लहान."

"मग?"

मी हात काढला. "काका, लहान प्लॅनमध्ये खातेदाराला रोजचा मेसेज येत नाही."

"आगं पण आजचा फॅट किती लागला ते मला कुटनं कळायचं?"

वृषालीनं हात पुढं करून फोन घेतला. आवाज अगदी साधा होता तिचा.

"आप्पा," ती म्हणाली, "आईला विचारा."